परतीच्या दिवशी मागे वळून मोजा

युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा पासपोर्टावर चिकटवून येतो, तेव्हा आपली नजर आधी तारखांवर जाते. `FROM` आणि `UNTIL` यांच्यामध्ये दोन वर्षं दिसली की घरात आनंद होतो. मग `NUMBER OF ENTRIES` समोर `MULT` दिसतं, म्हणजे हवं तितक्या वेळा जा-ये करता येईल. शेवटी `DURATION OF STAY` समोर ९० हा आकडा दिसतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो. कोणी म्हणतं, दोन वर्षांत मिळून नव्वद दिवस. कोणी म्हणतं, प्रत्येक खेपेला नव्वद. सगळ्यात जास्त लोक म्हणतात, दर सहा महिन्यांना नव्वद; जानेवारी ते जून एक हप्ता, जुलै ते डिसेंबर दुसरा. दोन वर्षांच्या अशा व्हिसासाठी ही तिन्ही उत्तरं चूक आहेत. आणि खरं उत्तर ज्या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून आहे तो १८० हा आकडा स्टिकरवर छापलेलाच नसतो.

हा गोंधळ आपल्याकडे अलीकडे वाढला, त्याला कारण आहे. पूर्वी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना बहुतेक वेळा एका खेपेपुरता, ठरावीक दिवसांचा व्हिसा मिळायचा. तेवढे दिवस राहायचं आणि परत यायचं, मोजायचं काही नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरले असतील तर साधारणपणे दोन वर्षांचा, अनेक खेपांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टाची मुदत पुरेशी असेल तर त्यापुढे पाच वर्षांचा. व्हिसा लांबला, पण मुक्कामाची मर्यादा होती तेवढीच राहिली. आता म्युनिकला मुलगी आणि ॲमस्टरडॅमला भाचा असलेल्या घरांत वर्षाला दोन-तीन खेपा होतात, आणि हिशोब ठेवायची जबाबदारी सर्वस्वी प्रवाशावर येऊन पडली आहे.

नियम असा आहे: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त मुक्काम नको. यातला सगळा भार ‘कोणत्याही’ या शब्दावर आहे. हे १८० दिवस व्हिसा सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या प्रवेशापासून नाहीत आणि १ जानेवारीपासून तर नाहीतच. तुम्ही युरोपात असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यांतले किती दिवस तुम्ही शेंगेन हद्दीत होता ते मोजायचं. उत्तर ९० किंवा कमी असेल तर तो दिवस कायदेशीर. उद्या हाच प्रश्न पुन्हा विचारायचा, तेव्हा १८० दिवसांचा पट्टा एक दिवसाने पुढे सरकलेला असतो. त्याच्या मागच्या टोकाचा एक दिवस गळतो आणि पुढच्या टोकाला एक नवा येतो.

इतका कटकटीचा नियम केला तरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. याआधीचा नियम ऐकायला सोपा होता: पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांत तीन महिने. पण त्यात एक भगदाड होतं. माणूस एखाद्या दिवसासाठी आत यायचा, की सहा महिन्यांचं घड्याळ सुरू. मग बाहेर जाऊन तो या सहा महिन्यांच्या अखेरच्या तीन महिन्यांत परत यायचा. ते संपले की नवा प्रवेश, नवे सहा महिने, नवे तीन महिने. म्हणजे जवळजवळ सहा महिने सलग मुक्काम, आणि तोही नियमात बसवून. ऑक्टोबर २००६ मध्ये युरोपीय न्यायालयासमोर फ्रान्समधलं असं एक प्रकरण गेलं, तेव्हा न्यायालयाने कायद्याची भाषा पाहता हा अर्थ मान्य केला. अखेर कायदाच बदलला आणि १८ ऑक्टोबर २०१३ पासून सरकता पट्टा आला. महिने गेले, दिवस आले. मोजणी अवघड झाली, पण भगदाड बुजलं. माझ्या मते हा व्यवहार न्याय्य आहे. फक्त तो लोकांना समजावून सांगायचं काम कोणी मनावर घेतलं नाही.

आता एक प्रकरण तारखांसकट सोडवून बघू. समजा, पुण्यातल्या एका निवृत्त जोडप्याकडे २०२६ आणि २०२७ अशा दोन वर्षांचा व्हिसा आहे. मुलगी म्युनिकला असते. पहिली खेप त्यांनी १० फेब्रुवारी ते ११ मार्च २०२६ अशी केली. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही पूर्ण धरायचे असतात, म्हणून फेब्रुवारीचे १९ आणि मार्चचे ११ मिळून ३० दिवस झाले. दुसरी खेप २० मे ते २८ जून, म्हणजे १२ आणि २८ मिळून ४० दिवस. आता मुलगी म्हणते, १ ऑगस्टला या आणि गणपती करूनच जा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. जमेल का?

घाईने मोजणारा माणूस म्हणेल, तीस आणि चाळीस मिळून सत्तर झाले, वीस उरले, तेव्हा २० ऑगस्टला परत या, गणपती पुण्यालाच. १ ऑगस्टपुरतं हे बरोबरच आहे. त्या दिवसापासून मागचे १८० दिवस ३ फेब्रुवारीला सुरू होतात, म्हणजे दोन्ही खेपा पूर्णपणे पट्ट्यात बसतात आणि १ ऑगस्ट धरून ७१ दिवस होतात. पण पट्टा तिथेच थांबत नाही. ८ ऑगस्टला त्याचं मागचं टोक १० फेब्रुवारीवर येतं आणि एकूण होतात ७८. ९ ऑगस्टला टोक ११ फेब्रुवारीवर सरकतं, म्हणजे पहिल्या खेपेचा पहिला दिवस पट्ट्याबाहेर जातो. नवा एक दिवस आला, जुना एक गेला, एकूण ७८ च. दहा तारखेलाही तेच, अकरालाही तेच. फेब्रुवारी-मार्चची ती खेप रोज एकेक दिवस गळत राहते आणि बेरीज जागची हलत नाही. हे ७ सप्टेंबरपर्यंत चालतं. त्या दिवशी ११ मार्चसुद्धा पट्ट्याबाहेर गेलेला असतो.

त्यानंतर मात्र गळायला काही उरत नाही. दुसरी खेप मेमध्ये सुरू झालेली, ती अजून पट्ट्याच्या खूप आत आहे. तेव्हा ८ सप्टेंबरला ७९, ९ ला ८० असं रोज एकाने वाढत १९ सप्टेंबरला बरोबर ९० होतात. दुसऱ्या खेपेचे ४० आणि या खेपेचे ५०. म्हणजे वीस दिवस वाटत होते तिथे पन्नास मिळाले. मुलीच्या घरचा दीड दिवसाचा किंवा पाच दिवसांचा गणपती आरामात होईल. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे, तिथवर थांबता येणार नाही.

या उदाहरणातून मोजणीचं एक सोपं सूत्र हाती लागतं, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. तुम्ही सलग युरोपात असता तेव्हा पट्ट्यातली बेरीज रोज एकाने वाढते किंवा आहे तेवढीच राहते. ती कमी कधीच होत नाही, कारण रोज एक दिवस येतोच आणि जाऊन जाऊन एकच जाऊ शकतो. याचा अर्थ असा की प्रत्येक दिवसाची वेगळी मोजणी करायची गरज नाही. परतीचा दिवस घ्या, तिथून मागे मोजा. तो ९० च्या आत बसला तर त्या खेपेतले आधीचे सगळे दिवस आपोआप बसतात. प्रत्येक खेपेसाठी एक मोजणी पुरते, फक्त ती त्या-त्या खेपेच्या शेवटच्या दिवशी लावायची. प्रवेशाच्या दिवशी लावून काढलेलं ‘उरलेले वीस’ हे उत्तर कधीकधी कमी भरतं, हे आपण वर पाहिलंच.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने खुणा करून हे जमतं. पण संगणकावर एक्सेल किंवा तसं काही असेल तर काम हलकं होतं. `A` स्तंभात प्रत्येक खेपेची प्रवेशाची तारीख लिहा, `B` मध्ये परतीची, दुसऱ्या ओळीपासून खाली. जो दिवस तपासायचा आहे तो `E1` मध्ये लिहा. मग `C2` मध्ये पुढचं सूत्र घालून ते विसाव्या ओळीपर्यंत खाली ओढा, आणि `E2` मध्ये बेरीज घ्या.

```
C2:  =MAX(0,MIN(B2,$E$1)-MAX(A2,$E$1-179)+1)
E2:  =SUM(C2:C20)
```

सूत्रात १७९ का, १८० का नाही? कारण तपासायचा दिवस स्वतःच १८० पैकी एक आहे, म्हणून त्याच्या मागे १७९ च दिवस जायचं. हाताने मोजणारे बरेच जण इथे एका दिवसाने घसरतात. शेवटचा `+1` प्रवेशाचा आणि परतीचा असे दोन्ही दिवस धरण्यासाठी आहे. वरच्या तीन खेपा भरून `E1` मध्ये १९ सप्टेंबर २०२६ टाकलं की ९० यायला हवेत. आले तर सूत्र नीट उतरलं. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर असंच काम करणारं एक अधिकृत गणकयंत्र आहे. ते मदतीपुरतं आहे, त्याच्या उत्तराने कोणताही हक्क मिळत नाही, पण पडताळून पाहायला चांगलं.

हेच सूत्र पुढच्या खेपेचंही सांगतं. १९ सप्टेंबरला ९० भरून परत आलेलं हे जोडपं पुन्हा कधी जाऊ शकेल? मे-जूनमधले दिवस गळायला लागतील तेव्हा, आणि तो दिवस येतो १६ नोव्हेंबरला. त्या दिवशी २० मे पट्ट्याबाहेर जातो आणि एक दिवस मोकळा होतो. १५ नोव्हेंबरला पोहोचणारं विमान पकडलं तर बेरीज ९१ होते आणि पहिल्याच दिवशी नियम मोडतो. फार मोजायचंच नसेल त्यांच्यासाठी एक ढोबळ पण पक्की वाट आहे: सलग ९० दिवस शेंगेनबाहेर राहिलात की पुढचे ९० दिवस पूर्ण मोकळे मिळतात, मागे काहीही झालेलं असो.

लोक जिथे खरोखर अडकतात ती पहिली जागा म्हणजे ‘तीन महिने’ हा शब्दप्रयोग. तिकीट काढणारा सहज म्हणतो, १ जुलैला जा, १ ऑक्टोबरला या, तीन महिने झाले. मोजून पाहिलं तर ते ९३ दिवस आहेत. जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे, म्हणून १ जुलैला गेलेल्याचा नव्वदावा दिवस २८ सप्टेंबर असतो.

दुसरी जागा विमानतळावरची. प्रवेशाची आणि निर्गमनाची तारीख विमान सुटण्यावर ठरत नाही, पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर ठरते. म्युनिकहून फ्रँकफर्टला आणि तिथून मुंबईला असा प्रवास असेल तर म्युनिकला कोणी पासपोर्टाची नोंद करत नाही, कारण तो शेंगेनच्या आतलाच प्रवास. निर्गमनाची नोंद फ्रँकफर्टला होते. दुबईमार्गे असेल तर म्युनिकलाच. नव्वदाव्या दिवशी रात्रीचं विमान आणि वाटेत शेंगेनमध्येच जोडविमान, अशी मांडणी केली आणि पहिलं विमान रखडलं, तर मध्यरात्र उलटते आणि खिडकीवरची तारीख एक्याण्णवाव्या दिवसाची पडते. म्हणून शेवटचा दिवस तिकिटाला देऊच नये. दोन-तीन दिवस हातचे ठेवावेत.

तिसरी जागा बाहेरच्या छोट्या सहलींची. पॅरिसहून शनिवारी लंडनला जाऊन रविवारी परतलं तर दोन दिवस वाचले असं वाटतं. प्रत्यक्षात शनिवार हा जाण्याचा दिवस म्हणून धरला जातो आणि रविवार हा येण्याचा म्हणून. वाचला शून्य. शुक्रवारी जाऊन सोमवारी आलात तरच शनिवार-रविवार बाहेरचे. आणि बाहेर म्हणजे नक्की कुठे, हेही बदलत आलं आहे. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही बाहेर आहेत. क्रोएशिया २०२३ च्या सुरुवातीला आत आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. पूर्वी नव्वद दिवस भरत आले की क्रोएशियात जाऊन राहण्याचा सल्ला मिळायचा. तो सल्ला आज कोणी दिला तर त्याने तो बऱ्याच वर्षांपूर्वी ऐकलेला असणार.

जुना व्हिसा संपून नवा लागला किंवा पासपोर्ट बदलला म्हणून मोजणी पुसली जात नाही. आधीच्या व्हिसावरचे दिवसही पट्ट्यात येतात. उलट, एखाद्या शेंगेन देशाचा निवासी परवाना किंवा लांब मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा हाती असताना त्या देशात काढलेले दिवस या नव्वदांत धरत नाहीत. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मुलाचे फ्रान्समधले दिवस वेगळे. तो इटली-स्पेनला फिरतो ते दिवस मात्र मोजले जातात. आणि गोव्यातला पोर्तुगीज पासपोर्टवाला युरोपीय नागरिक असल्याने त्याला ही मोजणी लागूच नाही.

हिशोब चुकला तर पूर्वी शिक्क्यांच्या गर्दीत ते निसटूनही जायचं. पुसट शिक्के, उलटसुलट पानं, आणि मागे रांग लागलेली असताना अधिकारी तरी किती मोजणार. ते दिवस संपले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बाहेरच्या सीमांवर प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही ती सर्वत्र लागू करायची तारीख ठरवली गेली. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचं छायाचित्र घेतलं जातं, शिक्क्याची जागा ही नोंद घेते, आणि दिवसांची बेरीज यंत्र करतं. मुदतीबाहेर राहिलेल्याचं नाव आपोआप यादीत येतं. नोंदी साधारण तीन वर्षं राहतात, आणि निर्गमनाची नोंदच नसेल तर पाच वर्षं. शिक्षा देशागणिक वेगळी असते: कुठे दंड, कुठे काही काळ प्रवेशबंदी. पण पुढचा व्हिसा मागताना ही नोंद समोर येते, आणि दोन वर्षांचा मिळालेला व्हिसा पुन्हा तसा मिळणं अवघड होतं. नीट वापरलेला व्हिसा ही त्या सवलतीची अटच आहे.

मोजणी बरोबर असूनही माणूस आजारी पडतो, रुग्णालयात दाखल होतो. त्यासाठी कायद्यात वाट आहे. टाळता न येणाऱ्या कारणासाठी किंवा माणुसकीच्या कारणासाठी व्हिसाची मुदत वाढवता येते, आणि त्यासाठी शुल्क घेत नाहीत. पण अर्ज मुदत संपण्याआधी, ज्या शहरात आहात तिथल्या परकीय नागरिकांच्या कार्यालयात करावा लागतो. जर्मनीत त्याला आउसलेंडरबेहोर्ड म्हणतात. डॉक्टरांचं पत्र सोबत हवं. विमानतळावर जाऊन कारण सांगू, असा विचार करणाऱ्याची बाजू कमकुवत होते.

शिक्के जात असल्याने आपल्या हाती पुरावा म्हणून फक्त स्वतःची नोंद उरते. प्रत्येक खेपेच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवा, बोर्डिंग पास फेकू नका. आणि तिकीट काढण्याआधी परतीची तारीख `E1` मध्ये टाकून पाहा. ९० पेक्षा मोठा आकडा आला तर विमान कंपनीशी नंतर वाद घालत बसण्यापेक्षा तारीख आत्ताच अलीकडे घ्या.